दबलेला मणका: पट्टा, गोळ्या की सिमेंट?

प्रश्न: आई ७१ वर्षांची, वजन ४६ किलो. नऊ दिवसांपूर्वी स्कूटरवर मागे बसली असताना खड्ड्यात दणका बसला, तेव्हापासून पाठ धरली आहे. एमआरआयमध्ये एल-१ मणक्याचं ताजं कॉम्प्रेशन फ्रॅक्चर, पुढची उंची ३० टक्के कमी, डी-११ जुनं, नसांवर दाब नाही. हाडांच्या घनतेचा टी-स्कोअर उणे ३.४. क्रिएटिनिन १.१. बीपीसाठी टेल्मिसार्टन आणि लघवी वाढवणारं औषध एकत्र असलेली गोळी चालू आहे. सध्या डायक्लोफिनॅक दोन वेळा आणि मेडिकलमधून आणलेला कमरेचा पट्टा. एक डॉक्टर याच आठवड्यात मणक्यात सिमेंट भरून घ्या म्हणतात, दुसरे सहा आठवडे झोपवून ठेवा म्हणतात. काय करावं?

उत्तर:

दोन्ही नको. याच आठवड्यात सिमेंट भरायची गरज नाही आणि सहा आठवडे झोपवून ठेवलं तर नुकसानच होईल. आत्ता दुखणं इतपत कमी करायचं की आई दिवसातून चार-पाच वेळा उठून चालू शकेल, पट्टा योग्य प्रकारचा घ्यायचा, आणि सिमेंटचा विचार तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी करायचा. हाडं भरून काढणारं औषध मात्र तोवर लांबवायचं नाही. आणि डायक्लोफिनॅक आजच डॉक्टरांना विचारून बंद करा. त्याचं कारण पुढे येईलच.

आधी त्या मणक्यात काय झालंय ते पाहू. मणक्याचं शरीर आतून जाळीदार असतं, स्पंजसारखं. ऑस्टिओपोरोसिसमध्ये, म्हणजे हाडं ठिसूळ होतात तेव्हा, त्या जाळीचे आडवे धागे आधी तुटतात आणि उभे धागे एकटे पडून वाकतात. दणका बसताना माणूस नेमका पुढे वाकलेला असतो, म्हणून सगळा भार मणक्याच्या पुढच्या कडेवर येतो आणि ती कडा दबते. मागची भिंत शाबूत राहते, मणका पाचरीसारखा होतो. फासळ्यांनी बांधलेली ताठ पाठ जिथे संपते आणि हलणारी कंबर जिथे सुरू होते, ती जागा म्हणजे डी-१२ आणि एल-१. बहुतेक फ्रॅक्चर इथेच होतात. पुढची उंची २५ ते ४० टक्के कमी असेल तर ते मध्यम दर्जाचं धरतात, म्हणजे तुमच्या आईचं मध्यम आहे. मागची भिंत शाबूत आहे आणि नसा मोकळ्या आहेत, म्हणून ते स्थिरही आहे. अशा मणक्याला हलवल्याने पाय लुळे पडतील ही भीती घरोघरी असते, पण ती इथे लागू नाही.

डी-११ कधी दबला हे आईला आठवत नसणार. मणक्याच्या साधारण तीनपैकी दोन फ्रॅक्चरचा पत्ताच लागत नाही. कंबर भरली म्हणून तेल चोळलं जातं आणि महिनाभरात विसरलं जातं. त्या विसरलेल्या फ्रॅक्चरवरून ताज्या फ्रॅक्चरचंही बरंच काही कळतं. हे हाड रक्ताने भरलेलं असतं, ते जुळतं. आकार परत येत नाही, पण दुखणं जातं. उठता-बसताना आणि कूस बदलताना होणारी जीवघेणी कळ पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उतरू लागते आणि बहुतेकांना सहा ते बारा आठवड्यांत पुरेसा आराम पडतो. कुठलाही उपचार चांगला की वाईट हे ठरवताना हा नैसर्गिक उतार हिशेबात धरावा लागतो. सिमेंटचा सगळा वाद याच मुद्द्यावर झाला आहे.

एक खात्री मात्र करून घ्या: हे फ्रॅक्चर फक्त ठिसूळपणाचंच आहे ना. आपल्याकडे मणक्याचा क्षय अजून भरपूर आहे आणि या वयात मल्टिपल मायलोमा हा रक्ताचा कर्करोगही दिसतो. क्षयात दोन मणक्यांमधली चकती आणि तिच्या दोन्ही बाजूंचे मणके मिळून खराब होतात, कडेला पू साठतो, ताप किंवा वजन घटणं असतं. ठिसूळ फ्रॅक्चरमध्ये चकती शाबूत असते. एमआरआय पाहणाऱ्या डॉक्टरांना चकतीबद्दल थेट विचारा. रक्तात हिमोग्लोबिन, ईएसआर, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज, व्हिटॅमिन डी, थायरॉइड आणि प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस करून घ्या. आडवं पडल्यावरही दुखणं थांबत नसेल किंवा रात्री झोपेतून उठवत असेल, तर ते ठिसूळ फ्रॅक्चरच्या स्वभावाशी जुळत नाही. अशा वेळी पुढची तपासणी टाळू नये.

आता दुखण्याचं औषध. डायक्लोफिनॅक वाईट औषध नाही, पण आईच्या बाबतीत ते तिसरी ठिणगी आहे. टेल्मिसार्टन, लघवी वाढवणारं औषध आणि वेदनाशामकांमधला हा गट, हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. क्रिएटिनिन १.१ रिपोर्टवर नॉर्मलच्या चौकटीत छापून येतं, म्हणून कुणी थांबून बघत नाही. हिशेब करून पाहा: १४० मधून वय ७१ वजा केलं की ६९, त्याला वजन ४६ ने गुणलं की ३१७४, खाली ७२ गुणिले १.१ म्हणजे ७९.२, भागाकार साधारण ४०, आणि स्त्री म्हणून ०.८५ ने गुणलं की ३४. म्हणजे मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३४ मिलिलिटर. बारीक चणीच्या म्हाताऱ्या माणसात स्नायूच कमी असतात, म्हणून क्रिएटिनिन कमी दिसतं आणि सगळ्यांची फसगत होते. डायक्लोफिनॅक थांबवून, पाणी नीट पाजून आठ-दहा दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा. थोडं सुधारलं तर हाडांच्या औषधांचे पर्यायही वाढतात.

त्याच्या जागी पाया म्हणून पॅरासिटामॉल, पण दुखेल तेव्हा नव्हे, घड्याळ लावून. ६५० मिलिग्रॅमची गोळी दर सहा तासांनी, दिवसात चार, म्हणजे २६०० मिलिग्रॅम. ४६ किलो वजनाला हे बरोबर बसतं. ५० किलोच्या खाली किलोमागे दिवसाला ६० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि यकृताचा आजार असेल तर त्याहूनही कमी. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कित्येक गोळ्यांत पॅरासिटामॉल मिसळलेलं असतं, त्यामुळे घरातली इतर पाकिटं वाचून मगच द्या. एक डोस सकाळी उठायच्या पाऊण तास आधी, पलंगावरच. घरी सगळ्यात जास्त चूक इथेच होते: माणूस उठून कळवळतो आणि मग गोळी घेतो. असं झालं की उठणं आणि दुखणं यांची मनात गाठ बसते.

एवढ्याने उठता येत नसेल तर डॉक्टर ट्रॅमाडॉल जोडतील. या वयात सुरुवात २५ मिलिग्रॅमने, म्हणजे ५० च्या अर्ध्याने, दिवसातून दोनदा. मळमळ, चक्कर आणि गुंगी पहिल्या दोन-तीन दिवसांत दिसते, त्या काळात संडासला एकटं जाऊ देऊ नका. लघवी वाढवणारं औषध आणि ट्रॅमाडॉल दोन्ही सोडियम उतरवतात. आई अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागली तर वयाला दोष देऊ नका, त्याच दिवशी सोडियम तपासा. डिप्रेशनची गोळी चालू असेल तर ती आधी सांगा. अशा औषधांनी बद्धकोष्ठता ठरलेली, आणि कुंथलं की दबलेल्या मणक्यावर थेट ताण येतो, म्हणून पहिल्याच दिवसापासून लॅक्टुलोज किंवा तत्सम रेचक सोबत. नुसत्या इसबगोलावर विसंबू नका. पाणी कमी प्यालं तर तेच अडकून बसतं.

कॅल्सिटोनिनचा नाकात मारायचा फवारा, रोज २०० युनिट, एक दिवस एका नाकपुडीत तर दुसऱ्या दिवशी दुसऱ्या, हा ताज्या फ्रॅक्चरच्या दुखण्यावर खरोखर उपयोगी ठरतो. तो लवकर सुरू केला तरच फायदा आणि दोन ते चार आठवड्यांपुरताच. लांबवर वापरल्यास कर्करोगाचं प्रमाण किंचित वाढल्याचं दिसल्यावर युरोपात २०१२ साली ऑस्टिओपोरोसिसच्या दीर्घ उपचारातून हा फवारा काढून टाकण्यात आला. स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या आणि प्रीगॅबालिन चिठ्ठीवर सर्रास असतात. नसांवर दाब नसताना प्रीगॅबालिनला इथे काम नाही, आणि दोन्हींनी तोल जातो. ज्या बाईचं हाड एका खड्ड्याने मोडलं, तिला चक्कर आणणारी गोळी विनाकारण देऊ नये.

पट्ट्याकडे येऊ. मेडिकलमध्ये मिळतो तो एल-एस बेल्ट. तो कमरेच्या खालच्या मणक्यांसाठी असतो आणि त्याची वरची कड जवळजवळ फ्रॅक्चरपाशीच संपते. पुढे वाकणं तो अडवत नाही, आणि अडवायचं नेमकं तेच आहे. एल-१ साठी दोन प्रकार वापरात आहेत. टेलर ब्रेसमध्ये पाठीवर दोन उभ्या पट्ट्या आणि खांद्यावरून येणारे पट्टे असतात. एएसएच ब्रेसमध्ये पुढे एक चौकट असते: वर छातीच्या हाडावर एक गादी, खाली ओटीपोटाच्या हाडावर दुसरी, आणि मागे फ्रॅक्चरच्या पातळीवर तिसरी. या तीन टेकूंनी माणूस पुढे वाकू शकत नाही. बारीक बांध्याच्या आणि एकच ताजं फ्रॅक्चर असलेल्या बाईला एएसएच सहसा सोसतो आणि तो टेलरपेक्षा हलका वाटतो. पोट सुटलेलं असेल किंवा पाठीला पक्का बाक आलेला असेल तर तो बसत नाही, सरकून गळ्याशी येतो.

मापाची परीक्षा घरीच करता येते. उभं राहिल्यावर वरची गादी गळ्याच्या खळगीखाली साधारण दोन बोटं असावी. खुर्चीत बसल्यावर खालची गादी मांड्यांत रुतू नये. रुतत असेल तर चौकट लांब झाली आहे. आतून सुती बनियन घाला, आणि परकराच्या नाडीची गाठ गादीखाली येऊ देऊ नका. एवढ्याशा गाठीने दोन दिवसांत कातडी सोलली जाते. रोज रात्री गादीच्या जागा बघा. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर माप बदला. पट्टा फक्त उभं राहताना, चालताना आणि बसताना घालायचा, झोपताना काढायचा. मुदत सहा ते आठ आठवडे, मग रोज एकेक तास कमी करत पंधरवड्यात सोडायचा.

पट्ट्याने किती फरक पडतो याचं उत्तर प्रामाणिकपणे द्यायचं तर: फार नाही. कोरियात २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ६० रुग्णांचे तीन गट केले होते. एकाला कडक ब्रेस, एकाला मऊ आणि एकाला काहीच नाही. तीन महिन्यांनी दुखण्यात, हालचालीत आणि मणक्याच्या उंचीत तिन्ही गट सारखेच निघाले. जपानमध्ये २८४ स्त्रियांवर कडक आणि मऊ ब्रेसची तुलना झाली, ४८ आठवड्यांनी मणका दोन्हींत सारखाच दबलेला होता. म्हणजे पट्टा मणका वाचवत नाही. तरी मी तो सुचवतो, कारण पहिल्या सहा आठवड्यांत पुढे न वाकायची आठवण तो सतत देतो आणि काहींना त्याने आधार वाटून चालायचं धाडस येतं. आईला पट्ट्याने जास्त दुखत असेल, श्वास कोंडत असेल, तर तो काढून ठेवल्याने काही बिघडणार नाही.

झोपून राहणं मात्र खरंच बिघडवतं. निरोगी वृद्धांना दहा दिवस पलंगावर ठेवून मोजलं तेव्हा त्यांच्या पायांतले जवळपास एक किलो स्नायू गेले होते. तुमच्या आईचं एकूण वजनच ४६ किलो. एखाद-दोन दिवस बहुतांश आडवं राहणं ठीक, ते दिवस तर होऊन गेले. आता उठायची रीत शिकवा: आधी गुडघे वाकवायचे, खांदे आणि कंबर एकाच वेळी फिरवून कुशीवर यायचं, पाय पलंगाखाली सोडायचे आणि त्याच वेळी खालच्या कोपराने आणि वरच्या हाताने ढकलून बसायचं. उताणं असताना हात धरून ओढून बसवू नका; प्रेमापोटी सगळे तेच करतात आणि सगळी कळ तिथेच येते. बसायला हात असलेली उंच, ताठ खुर्ची, एका वेळी वीस-तीस मिनिटं. मग थोडं चालणं किंवा आडवं होणं. पाटावर बसणं, उकिडवं बसणं, खाली वाकून झाडू, बादली, सहा आठवडे बंद. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर त्यावर ठेवायची खुर्ची आणा.

तीन आठवड्यांनी, कळ उतरली की पाठीचे व्यायाम: उताणं पडून खांद्याची पाती मागे ओढून पाच सेकंद धरायची, दहा वेळा, दिवसातून दोनदा. पुढे वाकण्याचे व्यायाम कायमचे वर्ज्य. पायाची बोटं धरणं, पश्चिमोत्तानासन, सूर्यनमस्कारातला वाक, पोटाचे क्रंच, यांतलं काहीही नको. सिनाकी आणि मिकेल्सन यांनी १९८४ साली छापलेल्या पाहणीत पुढे वाकण्याचे व्यायाम केलेल्या ८९ टक्के स्त्रियांत नवे मणके दबले होते, मागे ताणायचे व्यायाम केलेल्यांत १६ टक्के. पाहणी लहान होती, ५९ स्त्रियांची, पण फरक इतका ठळक की दुर्लक्ष करता येत नाही.

आता सिमेंट. व्हर्टिब्रोप्लास्टीत रुग्णाला पालथं झोपवतात, भूल बहुधा जागेपुरती आणि थोडी गुंगी. एक्स-रेच्या पडद्यावर बघत पाठीतून जाड सुई मणक्याच्या मागच्या खांबातून पुढच्या शरीरात नेतात आणि टूथपेस्टइतकं घट्ट झालेलं अ‍ॅक्रिलिक सिमेंट दाबून भरतात. कायफोप्लास्टीत आधी सुईतून फुगा घालून पोकळी करतात, मग त्या पोकळीत सिमेंट. व्हर्टिब्रोप्लास्टी फ्रान्समधल्या आमियाँ इथे १९८४ साली पहिल्यांदा झाली, तीही मानेच्या मणक्यातल्या रक्तवाहिन्यांच्या गाठीसाठी. नंतर ती ठिसूळ मणक्यांना वापरली जाऊ लागली आणि सुमारे वीस वर्षं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं की रुग्ण टेबलावरून उठतो आणि हसतो. डॉक्टरांची श्रद्धा त्यातून आली, ती खोटेपणातून आलेली नाही.

मग २००९ च्या ऑगस्टमध्ये दोन चाचण्या एका वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात आल्या, एक ऑस्ट्रेलियातली ७८ रुग्णांची, दुसरी प्रामुख्याने अमेरिकेतली १३१ रुग्णांची. दोन्हींत निम्म्या रुग्णांना नकली प्रक्रिया केली होती. पालथं झोपवणं तेच, भूल तीच, पाठीवर दाब तोच, आणि खोलीत सिमेंटचा डबाही उघडला, म्हणजे त्याचा उग्र वास रुग्णाला यावा. फक्त सिमेंट भरलं नाही. अमेरिकी चाचणीत सुरुवातीला दुखणं दहापैकी सातच्या आसपास होतं. महिन्याने सिमेंटवाल्यांचं ३.९ आणि नकलीवाल्यांचं ४.६. दोन्ही गट सुधारले, आणि त्यांतला फरक योगायोगाच्या पलीकडचा ठरला नाही. टेबलावरून उठून हसणारा रुग्ण दोन्ही गटांत होता. कारणं तीन: दुखणं शिगेला असतानाच माणूस प्रक्रियेला येतो, आणि शिगेनंतर ते उतरतंच, हाड मुळातच जुळत असतं, आणि भुलीचं इंजेक्शन व काहीतरी मोठं केल्याचा विश्वास यांचाही परिणाम होतो.

या चाचण्यांवर एक आक्षेप रास्त होता: वर्षभर जुनी फ्रॅक्चरही त्यांत घेतली होती. म्हणून नेदरलँड्समध्ये व्हर्टोस-४ ही चाचणी झाली. तिच्यात १८० रुग्ण होते, सगळ्यांची फ्रॅक्चर ताजी, एमआरआयमध्ये सूज दिसणारी, आणि पुन्हा नकली प्रक्रियेशी तुलना. २०१८ साली निकाल आला: वर्षभराच्या मोजणीत सिमेंटने दुखणं नकलीपेक्षा जास्त उतरलं नाही. त्याच गटाच्या २०१० सालच्या व्हर्टोस-२ मध्ये, जिथे रुग्णाला आपल्याला काय केलंय ते ठाऊक होतं, सिमेंट स्पष्ट सरस ठरलं होतं. तोच गट, तीच प्रक्रिया. फक्त रुग्णाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आणि फायदा विरला.

दुसऱ्या बाजूला एक चाचणी उभी आहे आणि ती झाकून ठेवणं बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातली व्हेपर, २०१६, १२० रुग्ण. फ्रॅक्चर सहा आठवड्यांच्या आतलं, दुखणं दहापैकी सात किंवा जास्त, निम्म्याहून अधिक रुग्ण रुग्णालयात दाखल. दोन आठवड्यांनी दुखणं चारच्या खाली आलेले सिमेंट गटात ४४ टक्के, नकली गटात २१ टक्के. फायदा डी-११ ते एल-२ या पट्ट्यात जास्त दिसला, आणि आईचा मणका त्याच पट्ट्यात आहे. बहुतेक रुग्ण एकाच केंद्रातले होते, ही तिची मर्यादा. सगळं जमेस धरून अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्याने आणि २०१९ मध्ये अमेरिकन हाड-संशोधन संस्थेच्या कार्यगटाने सरसकट वापराला नकार दिला. ब्रिटनच्या नाइस संस्थेने मात्र २०१३ पासून, नीट औषधोपचार करूनही तीव्र दुखणं टिकलेल्या ताज्या फ्रॅक्चरसाठी हा पर्याय उघडा ठेवला आहे. कायफोप्लास्टीचा मुख्य आधार २००९ सालची ३०० रुग्णांची फ्री चाचणी आहे. तिच्यात नकली गट नव्हता, खर्च फुगा बनवणाऱ्या कंपनीचा होता, आणि महिन्याला दिसलेला मोठा फरक वर्षाअखेर आटला. ‘फुग्याने मणका पूर्ववत उंच होतो’ असं सांगितलं तर एवढंच समजा की काही मिलिमीटर मिळतात.

धोके कमी आहेत पण आहेत. सिमेंटची गळती नेहमीचीच, बहुतेकदा निरुपद्रवी. मागे नसांच्या नळीत गेलं तर पाय जातात, शिरेतून फुप्फुसात गेलं तर धाप लागते, चकतीत गेलं तर शेजारच्या मणक्यावर ताण येतो. म्हणूनच सिमेंट मणक्याच्या मागच्या चतुर्थांशाजवळ पोचलं की थांबायचं, हा नियम.

तुमच्या घरी हे असं लावा. आजपासून वहीत रोज तीन आकडे: कूस बदलताना दुखणं दहापैकी किती, उभं राहिल्यावर किती, आणि न थांबता किती मिनिटं चालली. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी उभ्याने एक्स-रे. आकडे उतरत असतील, समजा आठवरून पाचवर, तर सिमेंटचा विषय संपला, मणका एक्स-रेवर आणखी थोडा दबलेला दिसला तरी. औषधं नीट देऊनही सात-आठच असेल, संडासापर्यंत जाता येत नसेल, किंवा गोळ्यांनी ती भ्रमात जात असेल, तर व्हेपरमधल्या रुग्णांशी तिचं चित्र जुळतं आणि तेव्हा मी सिमेंटला हो म्हणेन. फक्त एल-१ मध्ये. स्टिर प्रकारच्या एमआरआय चित्रात जो मणका पांढरा चमकतो तोच ताजा. ‘डी-११ पण सोबत भरून टाकू’ याला नकार द्या. आणि जर तीन-चार महिन्यांनीही उभं राहिलं की कळ आणि आडवं पडलं की गायब असं राहिलं, तर झोपून आणि उभं राहून असे दोन एक्स-रे घ्या. दोन्हींत मणक्याची उंची वेगळी दिसली किंवा आत काळी फट दिसली, तर हाड जुळलेलंच नाही. त्याला क्युमेल म्हणतात, आणि तिथे सिमेंटला खरं काम असतं.

पायात ताकद कमी होणं, बसायच्या जागी बधिरपणा, लघवी अडणं किंवा नकळत होणं, यांपैकी काहीही झालं तर तीन आठवडे मोजत बसू नका, त्याच रात्री रुग्णालय.

राहिला हाडांचा उपचार, आणि पुढच्या वर्षाच्या दृष्टीने तोच सगळ्यात मोठा. मणका दबलेल्या स्त्रियांपैकी जवळपास पाचात एकीला वर्षभरात दुसरा दबतो. आईचे दोन झालेत, टी-स्कोअर उणे ३.४ आहे, म्हणून हाड नव्याने बनवणारं टेरिपॅराटाइड माझी पहिली पसंती: पोटावर रोज २० मायक्रोग्रॅम, जास्तीत जास्त दोन वर्षं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत दोन वर्षांत नवे मणके टेरिपॅराटाइडवर ५.४ टक्क्यांना आणि रिसेड्रोनेट गोळीवर १२ टक्क्यांना दबले. पेन फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, आणि उघडलेलं पेन २८ दिवसांनी टाकून द्यायचं. आधी कॅल्शियम आणि अल्कलाइन फॉस्फटेज नॉर्मल असावं, आणि हाडांवर पूर्वी रेडिएशन झालेलं नसावं. हे झेपणारं नसेल तर वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक अ‍ॅसिडची सलाइन, पण ती गाळण्याची क्षमता ३५ च्या खाली असताना देत नाहीत. म्हणूनच तो ३४ चा आकडा आणि डायक्लोफिनॅक बंद करून केलेली पुनर्तपासणी. डेनोसुमॅब मूत्रपिंडाला चालतं, मात्र त्याचं दर सहा महिन्यांचं इंजेक्शन चुकलं तर हाडांची झीज उसळून एकदम तीन-चार मणके दबलेले पाहायला मिळतात. तारीख पाळायची खात्री असेल तरच ते सुरू करा. यांपैकी काहीही देण्याआधी व्हिटॅमिन डी भरून घ्या, कमी असेल तर ६०,००० युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, आणि मग कायमस्वरूपी कमी डोस. टेरिपॅराटाइडचा शेवटचा पेन संपायच्या आधीच त्यानंतरचं औषध ठरवून ठेवा, कारण मधे मोकळे महिने गेले तर कमावलेलं हाड विरघळून जातं.